खोडलेले पाच हजार

वहीत काही खोडलेलं असलं की माझी नजर आधी तिथेच जाते. चौतीस वर्षं वह्या तपासल्या, त्याची ही सवय आहे. मागच्या आठवड्यात संध्याकाळी नातवाची गणिताची वही समोर आली. आठवं उदाहरण. पायऱ्या सुरेख मांडलेल्या, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, आणि शेवटच्या ओळीत उत्तराच्या जागी कागद किंचित मळकट, खरबरीत झालेला. खोडरबराचा बारीक चुरा अजून वहीच्या मधल्या घडीत अडकून होता. वही दिव्याकडे तिरपी धरली तर खोडलेला आकडा पेन्सिलीच्या दाबामुळे स्पष्ट दिसत होता. ५०००. त्याच्यावर नव्यानं, जरा गडद हातानं लिहिलं होतं ५००४.५५.

उदाहरण जुनंच, माझ्या ओळखीचं. एका सायकलच्या चाकाचा व्यास ७० सेंमी आहे, तर ११ किमी अंतर जाण्यासाठी चाकाचे किती फेरे होतील? त्यानं परीघ काढला होता, २२/७ गुणिले ७०, म्हणजे २२० सेंमी. अकरा किलोमीटरचे अकरा लाख सेंटिमीटर केले होते, शून्यं मोजून, कुठेही न चुकता. मग अकरा लाखाला २२० नं भाग. भाग पूर्ण जातो आणि ५००० येतात, याला ताळा पाहण्याचीही गरज नाही. पण वहीतली शेवटची ओळ सांगत होती की ११००००० ÷ २२० = ५००४.५५. वरच्या ओळीतून खालची ओळ येतच नव्हती. वरून खाली नीट उतरत आलेला जिना शेवटच्या पायरीशी तुटावा तसं.

"बाळा, हे कुठून आलं?"

"आबा, मागे तेच उत्तर आहे." त्यानं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून दाखवलं. शाळेनं सरावासाठी लावलेलं जादाचं पुस्तक. उत्तरसूचीत आठव्यापुढे ५००४.५५ छापलं होतं. "माझं पाच हजार येत होतं. चुकलं होतं ना, म्हणून खोडलं."

मी माझ्या जुन्या डायरीच्या पाठीमागे गणित पुन्हा केलं. मुलांसमोर उत्तर माहीत असलं तरी करून दाखवायचं, हा माझा नेम. पाच हजार. नातवानं माझ्या कागदाकडे पाहिलं, मग सूचीकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "आबा, तुमचंपण चुकलं."

त्या रात्री मला झोप लवकर आली नाही. सूचीतल्या चुकीचं फारसं काही नव्हतं, उत्तरसूच्या चुकतात. ती सूचीची चूक म्हणावी का, हाही प्रश्नच होता, त्याबद्दल पुढे लिहितो. मला टोचत होतं ते वेगळंच. भागाकार पुन्हा करून पाहावा असं त्याला वाटलं नव्हतं. पूर्ण भाग जाणारा, हातात घट्ट बसलेला आकडा त्यानं सोडून दिला आणि ज्याच्याकडे जाणारी वाट त्याच्या वहीत कुठेच नव्हती तो आकडा घेतला. खोडताना त्याच्या मनात शंकेचा लवलेशही आला नसणार, कारण खोडलेला भाग फार स्वच्छ होता. ज्याला शंका असते ते मूल अर्धवट खोडतं.

५००४.५५ कुठून आलं हे मला सूची पाहताक्षणीच कळलं होतं. पायची किंमत ३.१४ घेतली तर परीघ येतो २१९.८ सेंमी, आणि अकरा लाखाला २१९.८ नं भागलं की ५००४.५४९ आणि पुढे बरंच काही. दोन दशांश स्थळांपर्यंत ५००४.५५. आमच्या पाठ्यपुस्तकांत अशा उदाहरणाच्या शेवटी कंसात एक छोटी ओळ असते, π = २२/७ घ्या किंवा π = ३.१४ घ्या. मुलं ती वाचतात न वाचतात, पण ती ओळ असते म्हणून वर्गातल्या साठ मुलांची उत्तरं एक येतात. या पुस्तकात ती ओळच गळली होती. ती नसली की एकाच उदाहरणाची दोन उत्तरं होतात आणि दोन्ही करणाऱ्याचं गणित बरोबर असतं.

उदाहरण रचणाऱ्यानं मात्र ते २२/७ साठीच रचलेलं होतं, हे आकडेच सांगतात. शिक्षकाला हे वाचता येतं. ७० ला सातानं भाग जातो, ११ हे बाविसाचं निम्मं. उत्तर आधी ठरवलेलं असतं, पाच हजार, आणि मग मागे मागे येत अंतर ठरवतात. चाचणीचे पेपर काढताना मीही हेच केलं आहे. त्रिज्या ७, १४, २१, साडेतीन दिसली, किंवा क्षेत्रफळ १५४, ६१६, १३८६ असं दिसलं की समजावं, इथे बावीस सप्तमांश लागणार. त्रिज्या १० किंवा २० असली, उत्तरात ३१४ नाहीतर ६२८ डोकावत असलं की दशांशातली किंमत. मुलांना मी हे कधी शिकवलं नाही, पण हुशार मुलांना ते आपोआप कळायचं. या पुस्तकाच्या बाबतीत बहुधा असं झालं असावं की उदाहरण एका हातानं जुन्यातून उचललं आणि सूची दुसऱ्या हातानं, गणकयंत्रावर, सगळीकडे ३.१४ घालून केली. दोन हातांची गाठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला हे सगळं समजावलं. त्याला पटलं. दोन्ही भागाकार त्यानं स्वतः केले. मग त्यानं आईचा फोन आणला, आडवा धरला, आणि कॅल्क्युलेटरमध्ये पायचं बटण असतं ते दाबून तेच गणित पुन्हा केलं. पडद्यावर आलं ५००२.०१.

आता तीन उत्तरं झाली. आणि फोनमधला पाय आमच्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त स्थळांपर्यंत गेलेला होता, तेव्हा त्या व्यासाच्या चाकाचं त्यातल्या त्यात खरं उत्तर तेच. मी क्षणभर गप्प झालो. माझ्या पाच हजारांत दोन फेरे कमी होते आणि सूचीच्या उत्तरात अडीच जास्त. खरं उत्तर आमच्या दोघांच्या मधे जवळजवळ मध्यावर उभं होतं. कारण साधं आहे. २२/७ म्हणजे ३.१४२८ आणि पुढे, ती खऱ्या पायपेक्षा किंचित मोठी. ३.१४ किंचित लहान. पाय मोठा घेतला की परीघ मोठा होतो, आणि परीघ मोठा झाला की फेरे कमी लागतात. ही शेवटची उलटापालट मुलांना हमखास चुकवते, त्यांना वाटतं पाय मोठा म्हणजे उत्तरही मोठं. नातवाला मी दोन मापांनी बादली भरण्याचं उदाहरण दिलं. तांब्या मोठा असला की खेपा कमी. ते त्याला लगेच कळलं. पण मी स्वतः चौतीस वर्षांत हे गणित शेकडो वेळा शिकवूनही कधी फळ्यावर असं म्हटलं नव्हतं की मुलांनो, हे पाच हजार नेमके पाच हजार नाहीत. वर्गातल्या निम्म्या मुलांची तर अशी समजूत होऊन बसायची की पाय म्हणजेच बावीस सप्तमांश. तसं मी त्यांना सांगितलं नव्हतं, हे खरं. तसं नाही, हेही सांगितलं नव्हतं.

आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या माणसानं तरी हे विसरू नये. पाटणला मी मुलांच्या सहली किती नेल्या असतील. पितळखोऱ्याच्या वाटेवरचा तो डोंगर, पाटणादेवीचं देऊळ, पावसाळ्यानंतरचा तो ओला, पालापाचोळ्याचा वास. पोरांना धबधबा पाहायचा असायचा आणि मी त्यांना भास्कराचार्य सांगायचो. लीलावती १०७२ या शकातली, म्हणजे इसवी सन ११५० ची. परिघाचा नियम सांगताना भास्कराचार्यांनी एकाच श्लोकात दोन किमती दिल्या आहेत. व्यासाला भनन्दाग्नीनं गुणा आणि खबाणसूर्यानं भागा, हा सूक्ष्म परीघ. भ म्हणजे नक्षत्रं सत्तावीस, नंद नऊ, अग्नी तीन, हे उजवीकडून डावीकडे मांडलं की ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण पाच, सूर्य बारा, म्हणून १२५०. भागाकार केला तर ३.१४१६. आणि लगेच पुढे, नाहीतर बाविसानं गुणून सातानं भागा, हा स्थूल परीघ, व्यवहाराला योग्य. सहलीत मी शब्दांतून आकडे काढायचा खेळ पोरांना शिकवायचो आणि त्यांना तो फार आवडायचा. पण स्थूल आणि व्यवहारयोग्य या दोन शब्दांवरून मी दरवेळी पुढे निघून जायचो, सरळ धबधब्याकडे.

यावेळी नातवासाठी लीलावती कपाटातून काढली तेव्हा नियमामागचं उदाहरण नीट वाचलं. व्यास सात असेल तर परीघ किती? आमच्या सायकलच्या ७० चाच भाऊ. आणि उत्तर दोन. सूक्ष्म परीघ २१ पूर्णांक १२३९ छेद १२५०, स्थूल परीघ २२. एकाच प्रश्नाखाली दोन उत्तरं शेजारी शेजारी, प्रत्येकाला त्याचं नाव दिलेलं. एकानं दुसऱ्याला खोडलेलं नाही. पाटणचा शिलालेख १२०७ सालचा आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला गेला, त्याची नोंद त्यात आहे, आणि तो मठ काढला चांगदेवानं. तो त्यांचा नातू. हे मी पूर्वी नुसतं माहिती म्हणून सांगत असे. त्या दिवशी नातू पुस्तकावर वाकून १२३९ ला १२५० नं भागत होता तेव्हा मला तो शिलालेख वेगळाच आठवला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "आबा, आपण मोजूनच पाहू ना."

माझी काळी सायकल अजून आहे. अठ्ठावीस इंची, कॅरियरवाली, मी तिच्यावरून शाळेत जात असे. तिच्यात हवा भरली. मधे आस असल्यामुळे चाकाचा व्यास सरळ मोजता येत नाही, म्हणून चाकाच्या माथ्यावर जाड पुस्तक आडवं धरलं आणि पुस्तकाच्या तळापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. सत्तर सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. नातवानं मोजलं तेव्हा तीन, मी मोजलं तेव्हा चार, परत मोजलं तेव्हा साडेचार. शेजारी बांधकाम चाललं आहे, तिथल्या माणसाकडून तीस मीटरचा फितीचा टेप आणला. गल्लीतल्या काँक्रीटवर खडूनं रेघ मारली, टायरवर वॉल्व्हपाशी खडूची खूण केली, खूण बरोबर रेघेवर टेकवली आणि सायकल हळूहळू ढकलत नेली. एक, दोन, तीन असं नातू मोठ्यानं मोजत होता. दहावा फेरा पूर्ण होऊन खूण खाली टेकली तिथे दुसरी रेघ. टेप ताणून धरला. बावीस मीटर अकरा सेंटिमीटर. दहा फेरे एकदम मोजले, म्हणजे रेघेवरच्या चुकीला दहानं भाग गेला. हे शास्त्राच्या तासाला शिकवलेलं कामाला आलं.

मग आम्ही अंगणात बसून हिशेब केला. ७०.४ सेंमी व्यास धरला तर दहा फेऱ्यांचं अंतर २२/७ नं येतं बावीस मीटर साडेबारा सेंटिमीटरच्या जरा वर, आणि ३.१४ नं येतं साडेदहा सेंटिमीटरच्या जरा वर. आमचं अकरा. दोघांच्या मधे. नातू हरखला, "म्हणजे फोनचं बरोबर!" पण तसं म्हणता येत नव्हतं आणि ते त्याला सांगणं मला भाग होतं. व्यास मोजताना आम्हीच एक-दीड मिलिमीटर इकडे तिकडे होत होतो. व्यासात एक मिलिमीटरचा फरक पडला की दहा फेऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. आणि २२/७ व ३.१४ यांचं सगळं भांडण दहा फेऱ्यांत दोन सेंटिमीटरचं. आमचं पुस्तक चाकावर जरा वाकडं धरलं गेलं तरी तो वाद त्यात बुडून जातो. टेपला हा निवाडा करताच येत नव्हता.

तेवढ्यात त्याला सुचलं की सायकल कोणी ढकलत नेत नाही, सायकलवर बसतात. तो सीटवर चढला, पाय वर घेतले, मी एका हातानं हँडल आणि एका हातानं कॅरियर धरून ढकललं. पुन्हा दहा फेरे. यावेळी बावीस मीटर तीन सेंटिमीटर. आठ सेंटिमीटर कमी. त्याच्या पस्तीस किलोंनी टायर खाली दबला, आस जमिनीच्या तेवढी जवळ आली आणि चाक जणू लहान झालं. त्यानं खाली उतरून टायरकडे पाहिलं, अंगठ्यानं दाबलं. पाय कुठला घ्यायचा यानं जेवढा फरक पडतो त्याच्या चौपट फरक तो नुसता बसल्यानं पडला होता. मग माझ्या लक्षात आलं की सूचीतल्या ५००४.५५ मधला तो .५५ किती पोकळ आहे. फेऱ्याचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. अकरा किलोमीटर जाऊन, चाळीसगावाबाहेर पडून पुढच्या एखाद्या गावाच्या वेशीशी पोचल्यावर, तिथे दोन सेंटिमीटर सांगण्याचा तो दावा. आणि तोही अशा पायच्या जोरावर, की ज्याच्यामुळे आधीच अडीच फेऱ्यांची चूक झालेली आहे. दशांशाची स्थळं भागाकारातून हवी तेवढी निघतात, पण ती कमवावी लागतात. माझे पाच हजार निदान गोल होते, ते स्वतःबद्दल जास्त काही सांगत नव्हते.

आणि याच जागी, खडूनं माखलेला हात पुसताना, मला तो मुलगा आठवला.

१९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मी खेड्यातल्या शाळेत होतो. आठवीच्या चाचणीत मी उदाहरण घातलं होतं. बैलगाडीच्या चाकाचा व्यास १.४ मीटर आहे, त्याला लोखंडी धाव बसवण्यासाठी किती लांबीची पट्टी लागेल? उत्तर ४.४ मीटर. सगळ्यांनी तेच लिहिलं. एकानं ४.४ मीटर काढून त्याखाली लिहिलं होतं, वजा २ सेंमी, उत्तर ४.३८ मीटर. तो लोहाराचा मुलगा होता. मी लाल शाईनं फुली मारली. दोन गुण होते, दोन्ही कापले. पायऱ्या बरोबर असल्याचा एक गुण देता आला असता, पण मला वाटलं की हा मुद्दाम काहीतरी शहाणपणा करतोय. पेपर वाटल्यावर तो माझ्याकडे आला. "गुरुजी, बाबा धाव बोटभर कमीच घेतात." मी त्याला सांगितलं, "परिघाचं सूत्र काय आहे? मग वजा कुठून आलं?" सूत्रात वजा नव्हतं. तो जागेवर जाऊन बसला.

गावात धाव चढवताना मी त्यापूर्वी पाहिलं होतं आणि नंतरही पाहिलं. लोहारवाड्याबाहेर मोकळ्या जागेत चाक आडवं घालतात. लोखंडाची कडी जमिनीवर ठेवून तिच्याभोवती, तिच्यावर गोवऱ्या रचतात आणि पेटवतात. तास-दीड तासानं कडी लाल होते. मग तिघंचौघं पकडींनी तिला उचलून आणतात, चाकावर ठेवतात, घणानं ठोकत ठोकत बसवतात, लाकूड जळू लागतं, आणि लगेच घागरींनी पाणी. वाफेचा तो लोट, जळक्या लाकडाचा आणि शेणाच्या धुराचा वास, आणि त्या सगळ्यात चाकाचे सांधे आवळताना येणारा कुरकुर आवाज. गार होताना कडी आकसते आणि आरे, तुंबा, लाकडी घेर असं सगळं एकमेकांत घट्ट दाबून धरते. कडी बरोबर चाकाएवढी घेतली तर गार झाल्यावर ती सैल राहील आणि चार दिवसांत निघून पडेल. तापवून लोखंड जेवढं वाढतं त्याच्या आतच ती कमी घ्यावी लागते. फार कमी घेतली तर तापूनही चढणार नाही. आता मी कागदावर करून पाहिलं. लोखंड एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे बारा हजारांश मिलिमीटर वाढतं. पाचशे अंशांनी तापवलं तर ४.४ मीटरची कडी साधारण २.६ सेंटिमीटर वाढते. बोटभर म्हणजे दोन सेंटिमीटर. चढायला अर्ध्या सेंटिमीटरची सवड आणि आवळायला दोन सेंटिमीटर. पट्टीची टोकं एकमेकांवर घेऊन जोडायला जादा लागते ती निराळी. पोरानं सांगितलेलं माप त्या माणसाच्या हातातलं, कितीतरी चाकांवर तपासून घेतलेलं होतं.

प्रश्न मी विचारला होता, धाव बसवण्यासाठी किती लांबीची पट्टी लागेल. परीघ किती, असं मी विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. गाडी, चाक, धाव हे शब्द माझ्यासाठी उदाहरणाला घातलेले कपडे होते, आणि त्याच्यासाठी ते त्याचं अंगण होतं.

त्या वर्षी सहामाहीत मी तसंच उदाहरण पुन्हा घातलं, आकडे बदलून. मी त्याचा पेपर मुद्दाम पाहिला. त्यानं वजा केलं नव्हतं. सूत्र, किंमत, गुणाकार, उत्तर, खाली दोन रेघा. मी पूर्ण गुण दिले, आणि मला आठवतं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मुलगा सुधारला असं वाटलं होतं. त्या दुसऱ्या पेपरात खोडाखोडही नव्हती. त्यानं बोटभर मनातच खोडलं होतं.

मी तेव्हा चुकलो, असं सरळ म्हणून टाकलं तर मला हलकं वाटेल, पण ते पुरतं खरं नाही. साठ पेपर, एक रात्र, आणि प्रत्येकाला सारखा न्याय द्यायचा असेल तर एकच उत्तर धरून तपासावं लागतं. सूची ही तपासणाऱ्याची काठी आहे, ती नसेल तर हाताला येईल तसे गुण पडतात. एका मुलाला वजा दोन सेंटिमीटरला गुण दिले तर दुसरा म्हणणार मी मनानंच तीन वजा केले. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही पटतं. तरीही त्या मुलाला मी एवढं विचारू शकलो असतो, बोटभर का? तो तास वाया गेला नसता. त्याला येत होतं ते उरलेल्या एकोणसाठांना येत नव्हतं, आणि मलाही.

नातवाला मी ही गोष्ट सांगितली. त्यानं लगेच विचारलं, "मग तुम्ही त्याला नंतर मार्क वाढवून दिले?" नाही दिले. "का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग टेप गुंडाळायला लागला, फीत पुसत पुसत, बांधकामवाल्यानं बजावलं होतं तशी.

संध्याकाळी त्यानं वही घेतली. आठव्या उदाहरणाचं पान जिथे खरबरीत झालं होतं तिथे पुन्हा काही लिहिलं तर कागद फाटेल, म्हणून त्यानं समोरच्या पानावर सगळं नव्यानं मांडलं. मी काही सुचवलं नाही, पलंगावर बसून पेपर वाचत असल्यासारखा राहिलो. नंतर त्यानं वही माझ्यापुढे केली. "π = २२/७ घेतला तर ५००० फेरे." त्याखाली वेगळा भागाकार, आणि "π = ३.१४ घेतला तर सुमारे ५००४ ते ५००५ फेरे." त्याखाली, ओळ सोडून, बारीक अक्षरात, "मी बसल्यावर चाक लहान होतं." मी म्हणालो, "हे बाईंना कळेल का?" तो म्हणाला, "विचारतील ना मला."

परवा वही तपासून आली. दप्तरातून काढून त्यानं ती स्वतःच माझ्या हातात दिली आणि खेळायला पळाला. पहिल्या उत्तरावर लाल शाईची बरोबरची खूण होती. दुसऱ्यावरही होती. तिसऱ्या ओळीपुढे खूण नव्हती, फुलीही नव्हती. तिथे लाल शाईचा एक ठिपका होता, पेनाचं टोक टेकवून काही वेळ तसंच धरलेलं आणि मग उचललेलं, त्यामुळे शाई कागदात जराशी पसरलेला. असे ठिपके मी ओळखतो. मी पान उलटून मागून पाहिलं, शाई पलीकडपर्यंत उतरली होती.